डबीतलं विरजण

डिलाईल रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक मला तोंडावर संघमित्रा मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भांडकुदळ चष्मेवाली म्हणतात. मला दोन्ही ऐकू येतं. डोळे तपासायचा रीतसर कोर्स केलाय मी, बावीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे गिऱ्हाईकाला झापायचा हक्क कमावलाय असं मी समजते. ज्याला झापून घ्यायचं नसेल त्याने मॉलमध्ये जावं, तिकडे गोड बोलतात.

अक्षदा मात्र सहा वर्षं माझ्याकडेच येत होती आणि सहा वर्षं मुकाट ऐकून घेत होती. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी रुपालीचं पोळीभाजी केंद्र आहे, तिथे ही पोळ्या लाटायची आणि भाजायची. दिवसाला तीनशे. वय एक्केचाळीस, लग्न नाही, मागे चाळीत एक खोली आणि खोलीत आई. उजव्या डोळ्याचा नंबर उणे नऊ. डावा लहानपणापासून मंद, त्याला कितीही जाड काच लावा, तक्त्यावरची वरची दोन अक्षरंच दिसायची. म्हणजे बाई सगळी उजव्या डोळ्यावर जगत होती.

तव्यासमोर उभं राहिलं की वाफेने तिच्या चष्म्यावर धुकं यायचं. पुसायला जावं तर हाताला पीठ. एकदा पोळीऐवजी मनगटच तव्यावर टेकवलं तिने, तो डाग अजून आहे. मग माझ्याकडे आली, लेन्स लावायचीय म्हणाली. एकाच डोळ्यावर भिस्त असलेल्या माणसाला लेन्स देताना दहादा विचार करावा. मी पाचेकदा केला आणि दिली.

तेव्हा तिला समोर बसवून सगळं घोकून घेतलं होतं. आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे. लेन्स तळहातावर घेऊन औषधाने चोळायची. डबीतलं औषध रोज ओतून द्यायचं, रोज नवीन भरायचं. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नळाचाही नाही आणि उकळलेलाही नाही. तीन महिन्यांनी डबी बदलायची, महिन्याला लेन्स. आणि लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. "झोपायचं नाही म्हणजे?" मी विचारलं होतं. "म्हणजे नाही, मॅडम," ती म्हणाली. शहाणं बाळ अगदी.

तिची आई, सुंदराबाई, मालवणकडची. जिभेला धार. मला फार आवडायची, कारण मला गप्प करणारी ती एकटीच होती. दर गुरुवारी अक्षदा वाटीभर दही आणून द्यायची, आईने लावलेलं. त्या दह्याचं विरजण कधी तुटलं नव्हतं म्हणे. मायलेकी गावाला गेल्या तरी शेजारणीकडे वाटी ठेवून जायच्या. मीही त्याच दह्याचा चमचा घालून माझं दही लावायला लागले. माझा मुलगा बुद्धभूषण बंगळुरूला, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, घरी मी आणि फ्रीज. दही लावलं की सकाळी काहीतरी तयार असतं, एवढंच.

मग सुंदराबाईचं डोकं फिरलं. म्हातारपणाचं ते विसरणं. रात्री उठून दार उघडायची, गॅस चालू करायची. नंतर तर कॉटवरच पडून, पण हाका चालूच. शेवटचं दीड वर्ष अक्षदाने एकटीने काढलं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर म्हातारी गेली. दुकानात आली तेव्हा अक्षदा म्हणाली, "गेली मॅडम." मी म्हटलं, सुटली बिचारी. ती "हो" म्हणाली आणि औषधाची बाटली घेऊन गेली. औषध आधीपेक्षा कमी लागायला लागलंय तिला, एका बाटलीत दोन-दोन महिने काढतेय, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. दह्याची वाटी मात्र दर गुरुवारी येत राहिली.

यंदा डोळे यायची साथ आली. आपल्याकडे डोळा लाल झाला की डोळे आले, झालं, पुढे कोणी विचारत नाही. चाळीतून, शाळांतून, ऑफिसांतून, जो तो काळा गॉगल लावून फिरत होता. माझ्या दुकानात दिवसाला दहा जण डोळे चोळत यायचे आणि तेच हात फ्रेमला लावायचे. माझं डोकं सणकलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दारावर टांगलं: 'डोळे आलेल्यांनी दुकानात येऊ नये.' आणि फोनवरही तेच सांगायला लागले.

सोमवारी सकाळी अक्षदाचा फोन आला. दुकानात चार माणसं उभी.

"मॅडम, डोळा लाल झालाय. टोचतंय काहीतरी."

"डोळे आलेत गं. साथ आहे. इकडे येऊ नकोस, पाटी लावलीय. गॉगल लाव, हात धूत जा, जाईल आठवड्यात."

"लेन्स?"

"काढून ठेव. घालू नकोस."

एवढंच. मिनिटभराचं बोलणं. लेन्स काढ म्हटलं हे एक बरं केलं, बाकी सगळं चुकलं. एक डोळा की दोन, हे विचारलं नाही. खाजतंय की दुखतंय, हे विचारलं नाही. लेन्स घालून झोपली होतीस का, हे तर नाहीच. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि तिने ऐकलं. तिचं तेच वाईट होतं, ती ऐकायची.

बुधवारी दुपारी मी जेवणाचं पार्सल घ्यायला रुपालीकडे गेले. पोळ्या जाडजूड, कडा कच्च्या. मी म्हटलं, ह्या काय पोळ्या आहेत की पायपुसणी. रुपाली म्हणाली, "काय करू मॅडम, अक्षदा नाही ना. डोळे आलेत तिचे. खाण्याचं काम, मीच म्हटलं आठ दिवस येऊ नको. पण तिचं काहीतरी वेगळंच चाललंय. एकच डोळा आलाय म्हणते. आणि इतका ठणकतोय की झोप नाही. खिडकी लावून अंधारात बसलीय, उजेड सहन होत नाही म्हणे."

मी पार्सल काउंटरवरच ठेवलं.

डोळे येतात ना, त्यात बहुतेक वेळा एकाचे दोन होतात, चिकटतात, खाजतात. वैताग येतो पण नजर जात नाही. एकच डोळा, ठणका, उजेडाचा त्रास, आणि बाई लेन्सवाली, हे ऐकल्यावर पुढे ऐकायचं काही उरत नाही. त्या दिवशीच्या त्या दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. आणि आमची सोमवारपासून घरात बसलेली, माझ्या सांगण्यावरून.

तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. दाराबाहेर स्टुलावर झाकलेलं ताट होतं, शेजारच्यांनी ठेवलेलं, तसंच. शेजारीण आपल्या दारातून म्हणाली, "आत नका जाऊ, डोळ्यांत बघितलं की होतं." चाळीत माणसं जीव लावतात, खोटं नाही बोलणार. तीन दिवस ताट ठेवत होती ती. पण तीन दिवसांत त्या पोरीच्या तोंडाकडे कोणी पाहिलं नव्हतं.

आत अंधार. अक्षदा भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसलेली, गॉगल लावून. शेजारी आईची कॉट, तिच्यावर गोधड्यांची वळकटी.

"मॅडम? बघू नका माझ्याकडे. तुम्हाला होईल."

"काही होत नाही मला. इकडे तोंड कर."

"खरंच नका."

"अक्षदा, गॉगल काढ."

काढला. डोळा उघडवत नव्हता, पाण्याची धार लागलेली. मी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला तशी ती कळवळली. पापणी वर केली. बुबुळाभोवती लालभडक, आणि बुबुळावर, मधल्या काळ्याच्या अगदी काठाशी, एक पांढरा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. तो ठिपका मी पुस्तकात पाहिलाय, आणि बावीस वर्षांत दोनदा माणसात.

"लेन्स घालून झोपलीस?"

तिने गॉगल परत डोळ्यांवर चढवला.

"किती दिवस?"

"रोजच," ती म्हणाली. "आई असल्यापासून. रात्री हाक मारायची ना. चष्मा शोधेपर्यंत ती दारात. एकदा चष्म्यावर पाय देऊन काडीच मोडली तिने. मग लेन्स ठेवूनच झोपायला लागले. सकाळी तासभर काढायची, डबीत ठेवायची, परत घालायची."

"आई जाऊन वर्ष होत आलं."

"हो."

भांडायला वेळ नव्हता. विचारलं, ड्रॉप कुठले घातलेस. तिने उशाखालून बाटली काढली. सुंदराबाईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची, उघडून दोन वर्षं झालेली, वर त्यात स्टेरॉइड. "काल घातले तर लाली जरा उतरली," ती म्हणाली, "म्हटलं बरं होतंय." लाली उतरते त्याने, आणि आतला जंतू मोकाट सुटतो. मी बाटली पर्समध्ये टाकली. मग लेन्सची डबी मागितली, कारण डॉक्टरांना ती लागते, जंतू कुठला ते त्यातही सापडतं.

डबी ओट्यावर होती, दह्याच्या वाटीशेजारी. झाकण उघडलं तर बोटाला बुळबुळीत लागलं. तळाला गढूळ, वर स्वच्छ.

"हे ओतून देत नाहीस रोज?"

"थोडं ठेवते ना तळाला," ती म्हणाली. "वरून नवीन घालते."

"कशाला?"

"दह्याला ठेवतो तसं. सगळं ओतून द्यायला जीव होत नाही. आणि जुन्याने नव्याला जोर येतो ना." मग म्हणाली, "डबी मात्र मी दर रविवारी धुते. उकळून गार केलेल्या पाण्याने."

मला ओरडायचं होतं. बावीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या मूर्खपणांत हा पहिला नंबर. पण ती इतक्या सरळपणे सांगत होती की मी नुसतं डबीचं झाकण लावलं. विरजणच लावलं होतं तिने, जंतूंचं, रोज नेमाने, आणि रोज तेच उचलून डोळ्यात घालत होती, रात्रभर झाकून ठेवत होती. मी सगळं सांगितलं होतं तिला, काय करायचं आणि काय नाही. का, ते सांगितलं नव्हतं. दुकानात गर्दी असते.

टॅक्सी करून परळला सरकारी हॉस्पिटलात नेली. डोळ्यांच्या ओपीडीत मेघना नावाची डॉक्टर होती, माझ्या मुलापेक्षाही लहान. तिने अक्षदाची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळा रंग घातला, निळा उजेड मारला. मग बधिर करायचे थेंब घालून त्या ठिपक्याच्या कडेचं पात्याने हलकेच खरवडून घेतलं, काचेवर लावलं, तपासायला पाठवलं. डबी आणि लेन्सही पाठवली. माझ्या हातातली ड्रॉपची बाटली पाहून तिने नुसती मान हलवली.

"कॉर्नियाला इन्फेक्शन झालंय," ती म्हणाली. "जखम आहे. लेन्स घालून झोपलं की डोळ्याला हवा मिळत नाही, वरची त्वचा नाजूक होते आणि जंतूला दार उघडं मिळतं. आता दोन औषधं, दर तासाला. दिवसा आणि रात्रीही, पहिले दोन दिवस एकही तास चुकवायचा नाही. पसरलं तर बुबुळाला भोक पडू शकतं."

"नजर?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. ठिपका मधोमध सरकला नाही तर थोडी वाचेल."

"तिला हाच एक डोळा आहे."

मेघनाने केसपेपरवरून वर पाहिलं. मग अक्षदाला विचारलं, "घरी ड्रॉप घालायला कोण आहे?"

"आई," अक्षदा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही उमगलं असावं. हळूच म्हणाली, "नाही. कोणी नाही."

तिला ॲडमिट केलं. सिस्टरने फॉर्म भरताना मला विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" मी म्हटलं, चष्मेवाली. "तसं नाही, नातं?" काय सांगणार. तिने रकान्यात रेघ मारली.

दुकानाला कुलूप लावून मी दोन दिवस तिथेच बसले. सिस्टर तासातासाला थेंब घालायची, मी घड्याळ बघायचे. तेवढ्यातच एकदा मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "आई गेल्यावर तरी लेन्स काढून का नाही झोपलीस गं? आता कोण हाक मारणार होतं?"

डोळ्यांवर हात ठेवून पडली होती. म्हणाली, "तिच्या कॉटवर गोधड्या आहेत ना. लेन्स नसली की सकाळी उठल्यावर मला तिथे आई निजलेली दिसते. नुसतं धूसर, पण तीच. दोन-तीनदा हाक मारली मी. चहा ठेवते म्हटलं. मग जवळ जाऊन बघितलं की…" थोड्या वेळाने म्हणाली, "लेन्स असली की डोळे उघडल्या उघडल्या कळतं, कोणी नाही. एकदम कळलेलं बरं."

"मग गोधड्या काढायच्या."

"त्या कुठे ठेवू?"

मी बारा वर्षांत नवऱ्याचा चष्मा शोकेसमधून काढलेला नाही, मी काय सांगणार कोणाला. तिला दही आठवलं तेही त्याच दिवशी. डोळ्याचं एका शब्दाने विचारलं नाही, दह्याचं विचारलं. शेजारणीला फोन केला तर ती म्हणाली, वाटी हिरवी झाली होती, मोरीत ओतली. अक्षदाला सांगितलं. "असू दे," ती म्हणाली आणि कूस बदलली. तेव्हा रडली ती. डोळ्याला रडणंही त्रासाचं होतं, पण थांबव असं मी म्हटलं नाही.

ठिपका सरकला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या कडा आखडायला लागल्या, नवव्या दिवशी सोडलं. पण डाग राहिला. पूर्वी चष्मा लावून ती तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचायची, आता वरून चौथीवर अडकते. मेघना म्हणाली, आणखी थोडं सुधारेल कदाचित, पण लेन्स आता कायमची बंद. रुपालीने तिला तव्यावरून काढून कणकेवर घेतलं. कणीक मळायला फार दिसावं लागत नाही. मी दारावरची पाटी उतरवली आणि नवीन लिहिली: 'डोळा लाल आहे? आधी मला विचारा.' खाली बारीक अक्षरांत, 'लेन्सवाल्यांनी तर धावतच.' चूक माझी होती, पाटी बदलून ती जात नाही, पण जुनी तिथे ठेवणं शक्य नव्हतं.

घरी आल्यावरही दिवसाला सहा वेळा ड्रॉप होते. सकाळचा मी घालायचे, दुकान उघडायच्या आधी. दार ती नुसतं ओढून ठेवायची.

दुसऱ्या सोमवारी गेले तेव्हा ती झोपलेली होती. उठवावंसं वाटेना. खोलीत बसायला दुसरं काही नाही, म्हणून वळकटी सरकवून कॉटवर बसले. मांडीवर स्टीलची वाटी होती. आदल्या दिवशी माझा फ्रीज उघडताना डोक्यात लख्ख झालं होतं. बाई, सहा वर्षं दर गुरुवारी हिच्या आईचं दही खातेस, त्याच दह्याने दही लावतेस, आणि विरजण तुटलं म्हणून तिला रडू दिलंस. इतकी मठ्ठ कशी मी.

अक्षदाने कूस बदलली. डोळे किलकिले केले, माझ्या दिशेने बघत राहिली. चष्मा उशाशी होता, पण हात तिकडे गेला नाही.

"आये?" ती म्हणाली.

मी चष्मेवाली. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून भांडत आले. माझं काम होतं तिच्या हातात चष्मा द्यायचं.

"ओ," मी म्हटलं.

ती तशीच पडून राहिली. मीही हलले नाही. खाली कोणीतरी नळाखाली बादली लावली. मग तिने हात लांबवून चष्मा घेतला, घातला, आणि मला नीट पाहिलं.

"हात धुऊन ये," मी म्हटलं. "ड्रॉप घालायचाय. आणि हे घे."

तिने वाटीवरचं झाकण काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. बराच वेळ तोंडात धरलं तिने ते.

"आंबट झालंय," ती म्हणाली. "तुम्ही उशिरा फ्रीजमध्ये ठेवता."

"मग शिकव."

ती उठली आणि दूध तापत ठेवलं.